मूव्हर्सची तोंडी परीक्षा आणि गप्प बसणारी लेक

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, सेमी-इंग्लिश शाळेत चौथीत. क्लासच्या बाईंनी तिचं नाव केंब्रिजच्या मूव्हर्स परीक्षेसाठी घातलंय. परीक्षा तीन महिन्यांवर आहे. मी रोज वीस शब्द अर्थासकट पाठ करून घेते. लिहिते बरोबर, पण इंग्रजीत काही विचारलं की तोंडाला कुलूप. परवा सराव पेपर सोडवताना रडली, म्हणाली, ‘मी नापास होणार.’ हे म्हणतात, नाव काढून टाक. माझं स्वतःचं इंग्रजी यथातथाच. खेळातून तयारी होते असं सगळे म्हणतात, पण नेमकं खेळायचं काय?
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, या परीक्षेत नापास हा प्रकारच नाही. आज रात्री जेवताना हे तिला सांगून टाका. ऐकणं, वाचन-लेखन आणि बोलणं असे तीन भाग असतात. प्रत्येक भागाचा निकाल म्हणून एक ते पाच ढाली मिळतात, म्हणजे सगळ्या मिळून जास्तीत जास्त पंधरा. तिन्ही भाग दिलेल्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र मिळतं, त्यावर या ढाली छापलेल्या असतात. तिला भीती वाटते ती शाळेच्या परीक्षेची, आणि ती या परीक्षेला चिकटली आहे.

नाव काढायचं की ठेवायचं, हे घरच्या घरी तासाभरात ठरवता येईल. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नमुना पेपर ध्वनिफितीसकट फुकट मिळतात. त्यातला मूव्हर्सचा नको, त्याच्या खालच्या पायरीचा, म्हणजे स्टार्टर्सचा, ऐकण्याचा पेपर घ्या. वीस प्रश्न, वीस मिनिटं, प्रत्येक भाग दोनदा ऐकवला जातो. मदत न करता पंधराच्या पुढे बरोबर आले तर मूव्हर्सला बसू द्या. दहाच्या खाली आले तर नोंदणी पक्की होण्याआधी क्लासला विचारून स्टार्टर्स द्यायला लावा, त्यात कमीपणा काही नाही. मधे कुठे अडकली तर तीन महिने पुरेसे आहेत. हा आमचा ठोकताळा आहे, परीक्षेचा नियम नव्हे.

आता ते वीस शब्द. ‘ब्लँकेट म्हणजे चादर’ हे तिला येतं, पण परीक्षेत कुठेच भाषांतर विचारत नाहीत. चित्र समोर येतं आणि शब्द आठवावा लागतो. अर्थासकट पाठ केलेला शब्द आधी मराठीतून फिरून मग इंग्रजीत येतो. लिहिताना त्या वळशाला वेळ असतो, बोलताना नसतो. ती गप्प बसते त्यामागे बहुतेक हेच असावं. म्हणून पाठांतर थांबवा आणि तेवढाच वेळ खेळाला द्या. आठवड्यात चार दिवस, दर वेळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. ती ‘अजून एकदा’ म्हणाली तरी थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बोलवावं लागत नाही.

मूव्हर्सचं बोलणं पाच ते सात मिनिटांचं असतं. एक परीक्षक आणि एक मूल. आत सोडायला सहसा मुलाची भाषा येणारं कुणीतरी असतं, आतलं सगळं मात्र इंग्रजीत. सुरुवातीला नाव आणि वय विचारतात, मग चार छोटे भाग होतात: दोन चित्रांतले चार फरक सांगायचे, चार चित्रांची गोष्ट पुढे न्यायची, चारातलं वेगळं चित्र ओळखून कारण सांगायचं, आणि शेवटी स्वतःबद्दलच्या साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. बघा, पहिले तीन खेळच आहेत. पहिला नीट बसला की बाकीचे त्याच्या मागे येतात, म्हणून जास्त वेळ त्याला द्या.

त्यासाठी पुस्तक लागत नाही. फोनवर स्वयंपाकघराचा एक फोटो काढा. समजा, टेबलावर पाण्याची बाटली आहे, ताटलीत तीन केळी, खुर्चीच्या पाठीवर निळा टॉवेल आणि बाबा पेपर वाचत बसलेत. आता चार गोष्टी बदला. एक केळं खाऊन टाका. टॉवेल लाल लावा. बाटली टेबलाखाली ठेवा. बाबांना डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायला सांगा. जागचं न हलता दुसरा फोटो घ्या. हे चार बदल मुद्दाम निवडलेत: संख्या, रंग, जागा आणि कृती. परीक्षेतल्या चित्रांत फरक बहुतेक याच जातीचे असतात. बाहेर गेलात तरी हे जमतं. सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर तिला उभं करून एक फोटो, मग टोपी घालून, बसवून, हातात फुगा देऊन दुसरा.

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी दाखवता आले तर उत्तम, म्हणून जवळच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणा. आता पहिला नियम: दहा सेकंद हात पाठीमागे, तोंड बंद, फक्त बघायचं. मुलं घाईने पहिल्याच दिसलेल्या वस्तूवर बोट ठेवतात आणि ‘धिस इज अ टेबल, धिस इज अ टेबल’ म्हणत सारखेपणाच सांगत बसतात. दहा सेकंद बघितलं की डोळे आपोआप फरकाकडे वळतात.

वाक्याचा साचा एकच द्या: ‘हिअर... बट हिअर...’. पहिल्या आठवड्यात ती नुसतं ‘थ्री बनानाज, टू बनानाज’ म्हणाली तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यापासून साचा वापरायचा: ‘हिअर देअर आर थ्री बनानाज, बट हिअर देअर आर टू.’ तिसऱ्यात बोट न लावता सांगायचं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी की मूल एकाच चित्राचं सांगतं आणि थांबतं: ‘द टॉवेल इज रेड.’ फरक सांगायला दोन्ही बाजू लागतात. अशा वेळी तुम्ही काहीही समजावू नका. दुसऱ्या फोटोवर बोट ठेवा आणि विचारा, ‘अँड हिअर?’ एवढंच. तुम्हाला लागणारं इंग्रजी इथे संपलं. मूल अडकलं तर परीक्षकही असाच छोटा प्रश्न विचारून त्याला पुढे नेतो, म्हणजे त्या प्रश्नाचीही तिला सवय होते.

दुसरी चूक आपल्या भाषेतून येते. मराठीत ‘बाबा झोपलेत’ म्हणताना ‘आहेत’ क्रियापदातच विरघळून जातं, वेगळं उच्चारावं लागत नाही. म्हणून मूल ‘बाबा स्लीपिंग’ म्हणतं आणि त्याला काही सुटल्यासारखं वाटतच नाही. हे व्याकरण म्हणून शिकवायला बसलात की पुन्हा कुलूप. त्याऐवजी तिचंच वाक्य बरोबर करून, नेहमीच्या आवाजात परत म्हणा: ‘यस, बाबा इज स्लीपिंग,’ आणि पुढे चला. तिच्याकडून पुन्हा वदवून घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘इज’ मधूनमधून डोकावू लागतं. सगळीकडे येईलच असं नाही, आणि परीक्षेत तेवढ्यासाठी बोलणं बाद होत नाही. परीक्षक शब्द आणि व्याकरण, उच्चार, आणि संवाद अशा तीन बाजूंनी बघतो. संवादात तो बघतो की मूल विचारलेलं कळून उत्तर देतं का, किती चटकन देतं आणि त्याला किती आधार लागतो. सगळ्या बाजूंनी सर्वांत महाग पडतं ते गप्प राहणं.

जागेचे शब्द मात्र वेगळे खेळायला हवेत. आपला ‘वर’ एकच, इंग्रजीत टेकलेलं असेल तर ‘ऑन’ आणि अधांतरी असेल तर ‘अबव्ह’. एक चमचा आणि एक वाटी घ्या. ती डोळे मिटून सांगेल तसा तुम्ही चमचा ठेवायचा: आत, खाली, मागे, पुढे, दोन वाट्यांच्या मधे. मग डोळे उघडून बघायचं. चमचा चुकीच्या जागी गेला तर कुणीतरी चुकलंय हे दोघींना दिसतं, कुणी सांगावं लागत नाही.

चार-पाच दिवसांनी पाळी उलटी करा. तिने वस्तू हलवायच्या, फोटो काढायचे, आणि तुम्ही फरक शोधायचे. तुमचं इंग्रजी यथातथा आहे हे इथे उपयोगीच पडतं. दर फेरीत एक ढळढळीत चूक मुद्दाम करा, ‘द टॉवेल इज ग्रीन’ वगैरे. ती उसळून दुरुस्त करेल. जी मुलगी विचारल्यावर बोलत नाही, ती आईची चूक काढायला हमखास बोलते.

गोष्टीच्या भागात पहिलं चित्र परीक्षक सांगतो आणि उरलेल्या तीन चित्रांचं मूल सांगतं. मोठी गोष्ट नको, प्रत्येक चित्राला एक-दोन वाक्यं पुरतात. घरी हेच फोनवर करा: बाहुलीचे चार फोटो काढून बाहुली हरवली, शोधली, सापडली, जेवली. वाक्यं एकमेकांना जोडायला ‘देन’ आणि ‘नाऊ’ एवढेच शब्द द्या. इथे पाठ केलेली गोष्ट काही कामाची नाही, चित्रं दर वेळी नवी असतात.

चारातल्या वेगळ्या चित्रासाठी तिच्या वीस-वीस शब्दांचे कागद आता कामाला येतील. प्रत्येक शब्दाचं छोटं चित्र तिलाच पोस्टकार्डाच्या तुकड्यावर काढू द्या, मागे काहीही लिहू नका, मराठी अर्थ तर नकोच. मग चार-चारचे गट तिनेच लावायचे, ज्यात एक परका असेल: आंबा, केळं, द्राक्षं आणि कांदा. ‘धिस वन इज डिफरंट, बिकॉज दीज आर फ्रूट.’ गट लावणारा शब्दांवर जास्त विचार करतो, ओळखणारा कमी, म्हणून लावण्याचं काम तिच्याकडे ठेवा. एकदा तिने सायकल, बस, ट्रेन आणि मोटार ठेवून सायकल बाहेर काढली आणि कारण ‘नो पेट्रोल’ असं दिलं, तर ट्रेनलाही पेट्रोल लागत नाही म्हणून वाद घालू नका. पटण्यासारखं कारण दिलं आणि ते इंग्रजीत दिलं, तर गुण घरच्या पाटीवर मांडून टाका. शेजारची मुलं जमली तर आणखी बरं. तुमच्याकडे गल्लीत तेलुगू आणि कानडी बोलणारी मुलं असतील, त्यांच्याबरोबर खेळताना इंग्रजी ही नाटकातली भाषा राहत नाही, गरजेची होते.

आता गप्प बसण्याबद्दल थोडं. ते दोन प्रकारचं असतं आणि उपाय वेगळे. प्रश्न कळला नसेल तर मूल तुमच्या तोंडाकडे बघतं. प्रश्न कळला पण शब्द सापडत नसेल तर ते छताकडे किंवा चित्राकडे बघतं. पहिल्यासाठी एक वाक्य इतकं घोटा की झोपेतही यावं: ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?’ हे म्हणणं चूक नाही, परीक्षकाला ते चालतं. दुसऱ्यासाठी ‘नाव घ्यायचं नाही’ हा खेळ आहे. एक कार्ड उचलायचं आणि त्या वस्तूचं नाव न घेता ती सांगायची. ब्लँकेट आलं तर ‘इट्स ऑन द बेड, आय अ‍ॅम कोल्ड, आय वाँट इट.’ चादरींच्या गावातल्या मुलीला एवढं सुचायलाच हवं. शब्द विसरला तरी रस्ता असतो, हे कळलं की गप्प बसण्याचं निम्मं कारण जातं.

शेवटचा प्रश्नोत्तरांचा भाग शाळा, सुट्टीचा दिवस, मित्रमैत्रिणी, आवडी अशा गोष्टींवर असतो. अनेक क्लास इथे ‘मायसेल्फ...’ने सुरू होणारा एक परिच्छेद पाठ करून घेतात. त्याचा तोटा असा की परीक्षक विचारतो शनिवारी काय करतेस, आणि मूल परिच्छेदाच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतं. त्यापेक्षा भाकरी करताना रोज एकच प्रश्न विचारा आणि तिने उत्तरात एक जास्तीची माहिती द्यावी, एवढाच करार ठेवा. ‘हू डू यू प्ले विथ?’ याला नुसतं नाव नको, नाव आणि कुठे.

बोलण्याशिवाय आणखी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: ऐकून स्पेलिंग लिहिणं. ऐकण्याच्या दुसऱ्या भागात एखादं नाव अक्षर-अक्षर सांगतात आणि ते तंतोतंत लिहावं लागतं. मराठी मुलं इथे ठरावीक ठिकाणी अडखळतात. आपण ‘मीना’ किंवा ‘दीपक’ रोमन लिपीत लिहायचं म्हटलं की ईसाठी कधी ‘आय’चं अक्षर वापरतो, त्यामुळे ‘ई’ ऐकू आलं की हात ‘आय’च्या अक्षराकडे जातो, आणि ‘ए’ ऐकलं की ‘ई’च्या अक्षराकडे. ‘जी’ आणि ‘जे’चंही तसंच. तिसरी अडचण ‘डबल’ची. ‘डबल टी’ म्हणजे तेच अक्षर दोनदा हे न कळलेलं मूल एकदाच लिहितं, आणि ‘डब्ल्यू’ ऐकून ‘यू’ दोनदा लिहितं.

यासाठी अक्षरांचा हाऊजी खेळा. वहीच्या पानावर नऊ घरं, त्यात फक्त गोंधळाची अक्षरं: ए, ई, आय, जी, जे, डब्ल्यू, यू, व्ही, वाय. तुम्ही पुकारायचं, तिने खोडायचं, आडवी ओळ झाली की ओरडायचं. दोन मिनिटांत एक फेरी होते. मग नावं घ्या: सॅली, डेझी, जिम, व्हिकी, झोई. ही सगळी नावं मूव्हर्सच्या शब्दसूचीत आहेत, ती तिला आधीच ओळखीची असली की ऐकताना अर्धी भीती जाते. तुमच्या उच्चाराची शंका असेल तर नमुना पेपरची ध्वनिफीत लावा आणि तेवढाच भाग ऐका. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी या जोड्याही याच हाऊजीत घाला. स्टार्टर्सला आकडे वीसपर्यंत असतात, मूव्हर्सला शंभरपर्यंत जातात.

याच पेपरच्या पाचव्या भागात ऐकून रंग भरायचे असतात. रंग सुबक भरला का हे कुणी बघत नाही, बरोबर वस्तूला बरोबर रंग लागला की झालं. चित्रकला आवडणारी मुलं एकच फुगा रेखीव रंगवत बसतात आणि पुढची सूचना निसटते. तेव्हा पेन्सिलीच्या दोन-चार रेघा मारून पुढे जायचं, हे आत्ताच ठरवा.

सराव पेपर तीन महिन्यांत तीनच. पहिला सहाव्या आठवड्यात, दुसरा नवव्यात, तिसरा परीक्षेच्या दहा दिवस आधी. पेपरने येतंय काय ते कळतं, नवीन काही येत नाही. आणि तोच पेपर पुन्हा दिला तर मूल उत्तरांच्या जागा लक्षात ठेवतं, गुण वाढतात, इंग्रजी नाही. गुण मोजून दाखवू नका. चुकलेला एक प्रकार निवडा आणि त्या आठवड्याचा खेळ त्याचा ठेवा. वाचन-लेखनात रिकाम्या जागी एक, दोन किंवा तीनच शब्द लिहायचे असतात अशी एक जागा आहे. तिथे लिहायला चांगली असणारी मुलं पूर्ण वाक्य लिहून गुण घालवतात. तुमची मुलगी लिहिते बरोबर, म्हणून तिच्याकडून हे होण्याचा संभव जास्त.

घरात दहा-बारा वर्षांचं भावंड असेल आणि ते पुढची पायरी, म्हणजे फ्लायर्स, देणार असेल तर फोटोंचा खेळ त्यालाही चालतो, फक्त फरक चारऐवजी सहा करा. त्याला तीन चित्रांवरून वीस किंवा जास्त शब्दांची गोष्ट लिहावी लागते. त्याने लिहायची आणि धाकटीने चित्रं काढायची, असं काम वाटून द्या. मात्र दोघांच्या ढालींची तुलना घरात निघाली की पुढच्या दिवसापासून खेळ बंद पडेल.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवीन शब्द एकही नको. दप्तरात रंगीत पेन्सिली ठेवा: काळी, निळी, तपकिरी, हिरवी, राखाडी, नारिंगी, गुलाबी, जांभळी, लाल आणि पिवळी, टोक काढलेल्या. बोलण्याची परीक्षा कधीकधी लेखीच्या दिवशी नसते, केंद्र वेगळी वेळ देतं, ती क्लासकडून लेखी घ्या. आत जाण्याआधी तिला एवढंच सांगा की पहिले दहा सेकंद चित्र बघायचं. बाहेर आल्यावर काय विचारलं, काय सांगितलंस, असे प्रश्न विचारू नका. सरळ घरी या, जेवायची वेळ झालेली असेल.